दूध घातलं की लोफ बसतोय: दूध तापवून घ्यायचं म्हणजे नक्की कुठवर?

ओली_पाटी
गेले तीन-चार महिने दर रविवारी एक साधा लोफ करते, पाण्यातला. ५०० ग्रॅम मैदा, ३१० ग्रॅम पाणी, ३० ग्रॅम साखर, ३० ग्रॅम बटर, ९ ग्रॅम मीठ, ६ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. आता तो हातात बसलाय, डोळे मिटून होतो. मागच्या रविवारी वाटलं जरा मऊ व्हावा, म्हणून पाण्याच्या जागी तेवढंच दूध घातलं, फुल क्रीम, पाश्चराइज्ड, फ्रीजमधून काढून फक्त कोमट केलं. बाकी काहीच बदललं नाही.

पीठ सुरुवातीला नेहमीपेक्षा घट्ट वाटलं. मग दहा मिनिटं मळल्यावर बरोब्बर उलटं, सैल आणि चिकट, बोटं सोडेना, ताणून बघितलं तर पडदा पातळ व्हायच्या आधीच फाटला. टिनमध्ये फुगला पण वर घुमट आला नाही आणि ओव्हनमध्ये गेल्यावर अजून थोडा बसला. वर वीस मिनिटांत गडद तपकिरी झाला म्हणून घाबरून पंचविसाव्या मिनिटाला काढला तर आतून ओलसर, सुरीला चिकटतोय. चव मात्र फार छान होती म्हणूनच सोडवत नाहीये.

रेसिपीत दूध आधी स्काल्ड करून गार करा असं होतं, मी ती पायरी गाळली कारण दूध पाश्चराइज्डच आहे. ती पायरी खरंच लागते का? आणि माझ्या तिन्ही तक्रारी, म्हणजे चिकट पीठ, बसका लोफ, करपट रंग, एकाच कारणाच्या आहेत का?

रिकामा_डबा
ती पायरी जुन्या काळची आहे, कच्चं दूध वापरायचे तेव्हा जंतू मारायला तापवायचे आणि रेसिपी कॉपी होत होत ती ओळ तशीच राहिली. पाश्चराइज्ड दुधाला गरज नाही. तुमचा प्रॉब्लेम फॅटचा आहे, फुल क्रीम दूध अधिक ३० ग्रॅम बटर म्हणजे ग्लूटेनला तेल पाजल्यासारखं झालं, ते जोडलंच जाणार नाही. बटर काढून टाका आणि दूध थोडं कमी करा, २९० वगैरे, चिकटपणा जाईल.

जुनी_भट्टी
डबासाहेब, जंतूंचं म्हणणं बरोबर आहे, ते एक कारण होतंच. पण दुसरंही एक कारण आहे आणि ते पाश्चराइज्ड दुधालाही लागू होतं. मी बेकरीत बरीच वर्षं काढली, तिथे दूध न तापवता ब्रेडच्या पिठात घालायची परवानगीच नव्हती, आणि ते जंतूंसाठी नव्हतं.

ओली_पाटी, आधी एक हिशोब बघा म्हणजे दूध कमी करायचा सल्ला का चुकतो ते कळेल. दुधात पाणी साधारण ८७-८८ टक्के, बाकी फॅट, साखर, प्रोटीन, क्षार. म्हणजे ३१० ग्रॅम दुधातून पिठाला पाणी मिळालं २७० च्या आसपास, तुमच्या नेहमीच्या लोफपेक्षा ४० ग्रॅम कमी. सुरुवातीला घट्ट वाटलं ते त्यामुळेच. आता पाणी कमी असूनही पीठ नंतर सैल पडलं, तर तो सैलपणा पाण्याचा असूच शकत नाही ना? जाळी कमजोर झाली म्हणून पीठ सैल पडलं. पाणी जास्त झालेलं पीठ पहिल्या मिनिटापासून ढिलं असतं आणि मळत गेलं की सावरतं, दुधामुळे बिघडलेलं पीठ मळत गेलं की अजून ढिलं होतं. हा फरक हातानं ओळखता येतो, एकदा लक्षात आला की चुकत नाही.

हे करतात दुधातली व्हे प्रोटीन, म्हणजे दूध फाटल्यावर जे हिरवट पाणी सुटतं त्यातली. ती कच्ची राहिली तर ग्लूटेनच्या बांधणीत अडथळा आणतात, पीठ चिकट होतं आणि लोफ लहान राहतो. तापवली की त्यांची घडी उलगडते, त्यातली बरीचशी दुधातल्या केसिनला जाऊन चिकटतात आणि मग पिठाला त्रास देत नाहीत. दही लावायच्या आधी दूध नीट तापवलं तर दही घट्ट लागतं, तिथेही हीच प्रोटीन आणि हीच उलगडलेली घडी.

आता मुद्दा तापमानाचा. पाश्चराइज करताना दूध साधारण ७२ डिग्रीला १५ सेकंद ठेवतात. जंतूंना तेवढं पुरतं, पण या प्रोटीनना तेवढ्यात फारसं काही होत नाही. त्यांना ८० च्या वर जायला लागतं आणि तिथे थोडा वेळ थांबायला लागतं. त्यामुळे पाश्चराइज्ड दूध ब्रेडच्या दृष्टीनं जवळजवळ कच्चंच समजा.

कापूसगोळा
हे मी नेहमी करते आणि माझे बन चार दिवस कापसासारखे राहतात! २० ग्रॅम मैदा १०० ग्रॅम दुधात गुठळी न होता कालवायचा, मंद आचेवर खळीसारखा घट्ट होईपर्यंत हलवायचा, गार करून बाकीच्या पिठात मळायचा. यानं सैल वगैरे अजिबात होत नाही, करून बघा.

जुनी_भट्टी
कापूसगोळा, पद्धत छान आहे पण ही वेगळी गोष्ट आहे. तुम्ही दुधासाठी नाही, मैद्यातल्या स्टार्चसाठी तापवताय. स्टार्च ६५ डिग्रीच्या आसपास पाणी पिऊन फुगतो, ते पाणी तो भाजल्यावरही धरून ठेवतो म्हणून बन चार दिवस मऊ. पण खळी घट्ट झाली की तुम्ही गॅस बंद करणार, म्हणजे त्यातलं दूधही ६५-७० लाच थांबलं. शिवाय ते १०० ग्रॅमच, बाकीचं दूध तर कच्चंच पडलं पिठात. ओली_पाटीला तुमची पद्धत वापरायची असेल तर वापरू दे, पण उरलेलं दूध तापवलेलं हवंच.

कापूसगोळा
अच्छा, म्हणजे मी दोन्ही एकच धरत होते. माझ्या रेसिपीत बाकीचं सगळं पाणी आहे, दूध फक्त त्या खळीत, म्हणून मला कधी जाणवलं नसेल.

मोजपट्टी
फॅटबद्दल लिहितो, कारण मला पण आधी तेच वाटायचं. मागे एकदा मी तीन छोटे गोळे केले, प्रत्येकी २०० ग्रॅम मैदा, तिन्हीत बटर शून्य. एकात पाणी, दुसऱ्यात स्किम दूध नुसतं कोमट करून, तिसऱ्यात तेच स्किम दूध ८५ ला दहा मिनिटं ठेवून गार केलेलं. पाण्याचा हिशोब सारखा केला होता. स्किममध्ये फॅट नसल्यासारखंच. तरी दुसरा गोळा चिकट झाला आणि फुगताना आडवा पसरला, तिसरा पाण्याच्या गोळ्यासारखाच उभा राहिला. फॅट दोषी असतं तर दुसरा आणि तिसरा सारखेच वागले असते.

फॅटनं ग्लूटेन आखूड होतं हे खरं आहे, पण त्याला प्रमाण लागतं. ५०० ग्रॅम मैद्याला ३० ग्रॅम बटर म्हणजे सहा टक्के, आणि ३१० ग्रॅम फुल क्रीम दुधातून अजून वीस ग्रॅमच्या आत. एवढ्यानं लोफ बसत नाही, उलट थोडं फॅट लोफ वर यायला मदतच करतं. फक्त बटर सुरुवातीला न घालता पीठ थोडं जुळून आल्यावर घालावं, एवढंच.

रिकामा_डबा
ठीक आहे, स्किमवाला प्रयोग पटला. पण माझा अनुभव असा की मी दीड वर्ष दूध घालून ब्रेड करतोय, एकदाही तापवलं नाही आणि एकदाही असं चिकट पीठ झालं नाही. मग ते कसं काय?

मोजपट्टी
दूध कुठलं वापरता? खोक्यातलं, फ्रीजबाहेर महिनोन् महिने टिकणारं?

रिकामा_डबा
हो तेच.

मोजपट्टी
मग तुमच्यासाठी ते काम कारखान्यातच झालंय. ते दूध १३५ च्या पुढे नेतात, काही सेकंदच, पण त्यात या प्रोटीनचा बराच भाग उलगडतो. पूर्ण नाही, आणि किती ते तापवायच्या पद्धतीवर असतं, थेट वाफ सोडून तापवलेल्या दुधात कमी आणि गरम पत्र्यावरून नेलेल्यात जास्त. पण घरच्या लोफला फरक कळू नये इतकं तरी होतंच असं मला वाटतं.

जुनी_भट्टी
इथे मी थोडा असहमत. खोक्यातल्या दुधानं मला दोन्ही अनुभव आलेत, एका कंपनीचं दूध सरळ घातलं तरी चालायचं आणि दुसऱ्याचं घातलं की पीठ जरा ओशट व्हायचं. मी तेही तापवून घेतो. दहा मिनिटांचा प्रश्न आहे.

पहाटेची_पाळी
माझं जरा वेगळं आहे. मी शिफ्टमुळे ताजं दूध ठेवत नाही, पावडर वापरते, ३१० ग्रॅम पाण्याला ३५ ग्रॅम पावडर थेट मैद्यात मिसळते. वाटलं होतं पावडर म्हणजे इतकी गरम हवेत सुकवलेली, म्हणजे तापवणं आलंच त्यात. पण माझाही लोफ अगदी ओली_पाटी म्हणतायत तसाच बसका. पावडर बदलून बघू का?

जुनी_भट्टी
पावडर सुकवताना हवा गरम असते पण दुधाचा थेंब तितका गरम होत नाही, त्यातलं पाणी उडत असतं तोवर तो थंडच राहतो. त्यामुळे सुकवण्यानं हे काम होत नाही, सुकवण्याआधी दूध किती तापवलं यावर सगळं असतं. बेकरीसाठी वेगळी पावडर येते, हाय हीट म्हणतात, तिच्यासाठी दूध सुकवायच्या आधी ८५ च्या आसपास वीस-तीस मिनिटं धरून ठेवतात. दुकानात प्यायला मिळते ती झटकन विरघळावी म्हणून बहुतेक कमी तापवलेली असते, आणि पाकिटावर हे लिहिलेलं नसतं. नवीन पावडर शोधत बसण्यापेक्षा तुमचीच पावडर पाण्यात कालवा आणि दुधासारखीच तापवा. थेट मैद्यात टाकू नका.

ओली_पाटी
बापरे, एवढं सगळं वाचून आता माझी पायरी गाळणं अंगाशी आलं हे कळलं. जुनी_भट्टी, नेमकं कसं तापवायचं ते सांगाल का? कडेला बुडबुडे आले की बंद, असं माझ्या रेसिपीत होतं. आणि एक, बऱ्याचदा सकाळी उकळून फ्रीजमध्ये ठेवलेलं दूध असतं, ते परत तापवायचं का?

जुनी_भट्टी
उकळून ठेवलेलं असेल तर परत नको. उलगडलेली घडी गार झाल्यावर पुन्हा पडत नाही. ते फक्त कोमट करा. त्यावरची साय काढून घेतली असेल तर फॅट कमी झालं एवढंच, तेवढं बटर वाढवा.

ताज्या दुधासाठी माझी पद्धत. कडेला बुडबुडे आणि वाफ म्हणजे ८० च्या आसपास, तिथे लगेच बंद केलं तर काम सुरू झालं आणि अर्ध्यावर सोडलं. रेसिप्या इथेच फसवतात. थेट गॅसवर धरून ठेवलं तर बूड लागतं, म्हणून पातेल्यात पाणी उकळत ठेवा आणि त्यावर दुधाचं भांडं. दूध ८५-९० ला पोचतं आणि तिथेच राहतं, उतू जात नाही, लागत नाही. पोचल्यापासून दहा मिनिटं, मधून मधून हलवत. थर्मामीटर नसेल तर सरळ गॅसवर एक उकळी येऊ दे, मग आच अगदी बारीक करून पाच मिनिटं. उकळलं म्हणून ब्रेडचं काही बिघडत नाही, शिजलेल्या दुधाचा वास थोडा येतो इतकंच.

यात पाणी उडतं आणि ते लोक विसरतात. रिकामं भांडं वजन करा, समजा ४२० ग्रॅम. तुम्हाला ३१० ग्रॅम पाण्याच्या जागी दूध हवंय तर ३१० भागिले ०.८७५, म्हणजे साधारण ३५४. म्हणजे ३५० घ्या, भांड्यासकट ७७०. तापवून झाल्यावर परत वजन करा, ७४२ भरलं तर २८ ग्रॅम पाणी उडालं, तेवढं साधं पाणी घालून परत ७७० करा. ही भर थंड पाण्याची घाला म्हणजे दूध लवकर निवतं पण. साय आली तर काढू नका, घोटून मिसळा, नाहीतर पिठात तिचे तुकडे दिसतात.

वाराखिडकी
निववायचं तेवढं मात्र मनापासून करा हो. मी एकदा घाईत बोट बुडवून ठीक वाटलं म्हणून दूध ओतलं, वरचा थर निवला होता आणि खाली गरम. यीस्ट मेलं, तीन तास पीठ ढिम्म. ढवळून मगच बघायचं.

जुनी_भट्टी
बरोबर. ५५ च्या पुढे यीस्टचं काही खरं नाही. मी ढवळून ३० च्या आसपास आणतो, मनगटाला ना गरम ना गार. मळून झाल्यावर पीठ २६-२७ ला यायला हवं, मिक्सरमध्ये मळणार असाल तर दूध अजून गार चालेल कारण मळताना पीठ तापतं.

ओली_पाटी
आणि रंग? दूध तापवलं की तो पण आटोक्यात येईल का?

मोजपट्टी
नाही, रंगाचा तापवण्याशी संबंध जवळजवळ नाहीच. तो लॅक्टोजचा, दुधातल्या साखरेचा. तुम्ही घातलेली साखर यीस्ट खातं, बरीचशी फुगतानाच संपते. लॅक्टोज बेकरीच्या यीस्टला पचतच नाही, त्यामुळे ते जसंच्या तसं ओव्हनपर्यंत पोचतं आणि तिथे प्रोटीनबरोबर तपकिरी होतं. ३५० ग्रॅम दुधात ते साधारण १७ ग्रॅम असतं, आणि यीस्ट त्याला हात लावत नाही म्हणून सगळं रंगालाच. म्हणून साखर कमी करून फारसं भागत नाही.

तुमचा लोफ आतून कच्चा राहिला तो याच रंगामुळे, रंग बघून काढलात म्हणून. किती डिग्रीला भाजता?

ओली_पाटी
२१०, पाण्याच्या लोफला तेच ठेवते.

मोजपट्टी
१८० करा, वेळ ३५ मिनिटं धरा, वीस मिनिटांनी बघून हवा तेवढा रंग आला असेल तर वर फॉइल सैल टाका आणि भाजत राहू द्या. मध्ये थर्मामीटर घालून ९२-९३ आलं की झालं. नसेल तर टिनमधून काढून बूड आणि बाजू दाबून बघा, बाजू दबून तशीच राहिली तर परत आत. वरचा रंग दुधाच्या लोफमध्ये काहीच सांगत नाही.

रिकामा_डबा
मग मऊपणा नक्की कशानं येतो? तापवल्यानं की दुधानं?

जुनी_भट्टी
मऊपणा दुधानं. फॅट आणि लॅक्टोज दोन्ही त्यात आहेत, जाळी बारीक आणि एकसारखी येते, कवच पातळ आणि मऊ होतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो पाण्याच्या लोफइतका लवकर सुकट होत नाही. तापवल्यानं मिळते उंची. पण तेवढाच गोळा जास्त उंच फुगला की घास हलका लागतो, म्हणून लोक तापवण्याला मऊपणाचं श्रेय देतात. बसका दुधाचा लोफ पण मऊ असतोच, फक्त जड मऊ.

नेमकी कुठली प्रोटीन आणि कशी आड येतात यावर जाणकारांत वाद आहेत, काही जण ग्लुटाथायोन नावाच्या एका लहान रेणूकडेही बोट दाखवतात. मला हातानं एवढंच माहीत आहे की तापवलं की जातं.

ओली_पाटी
आज केला! ३५० ग्रॅम तेच फुल क्रीम दूध, उकळत्या पाण्यावर, ८७ ला पोचल्यापासून दहा मिनिटं. वजनात ३३ ग्रॅम कमी भरलं, तेवढं पाणी घातलं. ३१ डिग्रीला निववायला पाऊण तास गेला, पुढच्या वेळी रात्रीच करून ठेवणार. बटर पाच मिनिटं मळल्यावर घातलं.

पीठ पहिल्यांदा मऊ होतं, पण दहाव्या मिनिटाला भांड्याची कड सोडली, पडदा इतका पातळ ताणला की मागची बोटं दिसली. पहिलं फुगणं पाण्याच्या पिठाहून वीस मिनिटं जास्त लागलं. टिनच्या कडेच्या वर तीन बोटं घुमट आला आणि ओव्हनमध्ये अजून वाढला, बसला नाही. १८० ला ३६ मिनिटं, बावीसाव्या मिनिटाला फॉइल. आतून ९३. संपूर्ण गार होईपर्यंत हात लावला नाही, कापला तर जाळी अगदी बारीक.

एकच, बाजूंना खालून रंग फिका आलाय आणि वर छान. हे फॉइलमुळे की १८० कमी पडतंय?

मोजपट्टी
टिन चकचकीत आहे का? चकचकीत टिन उष्णता परतवतो. एक रॅक खाली सरकवून बघा आधी, तापमान नका वाढवू. जास्तीचं फुगणं दुधानं असू शकतं, दूध पिठाचा आंबटपणा शोषून घेतं म्हणून यीस्ट जरा संथ चालतं. वीस मिनिटं त्यानंच की आज खोली गार होती ते सांगता येणार नाही.

पहाटेची_पाळी
मी पण पावडर कालवून तापवली, लोफ वर आला! पण माझ्या निम्म्या गव्हाच्या पिठाच्या लोफला काहीच फरक दिसला नाही, तापवून आणि न तापवून दोन्ही सारखेच.

जुनी_भट्टी
कोंडा आधीच जाळी कापत असतो, त्यात दुधाचा दोष दिसतच नसावा असं मला वाटतं. मोजपट्टींचं मत वेगळं असेल तर लिहा.

मोजपट्टी
माझा अंदाज की पीठ जास्त वेळ भिजवून ठेवलं तर फरक दिसेल. शनिवारी दोन गोळे करतो, तापवलेल्या आणि न तापवलेल्या दुधाचे, दोन्ही निम्मे गव्हाचे, मळायच्या आधी एक तास नुसते भिजवून. इथेच लिहितो.